वहीच्या फोटोतून महिन्याचा अहवाल

बैठक संपते, पेटीला कुलूप लागते आणि बचत गटाची सचिव वहीचे पान मोबाइलने टिपून व्हॉट्सॲपवर पाठवून देते. पलीकडे ते पान उघडणारी कधी गावातली समूह लिपिका असते, कधी ग्रामसंघाचे हिशेब बघणारी कार्यकर्ती, तर कधी सचिवताईंचीच कॉलेजात शिकणारी मुलगी. तिने त्या पानावरून महिन्याचा अहवाल करायचा असतो. बचत किती जमली, कर्ज किती दिले, परत किती आले आणि आता कोणाकडे किती येणे आहे, एवढेच त्यात असते. काम तासाभराचे वाटते. पण फोटोतला एक अंक चुकीचा वाचला गेला, की कोणाच्या तरी नावावर न घेतलेले कर्ज चढते किंवा भरलेला हप्ता नाहीसा होतो.

बचत गटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने पुढे गटांसाठी पंचसूत्री ठरवली. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे ही ती पाच सूत्रे. महाराष्ट्रात हे अभियान ‘उमेद’ या नावाने चालते. गटाला बँकेचे कर्ज देण्याआधी त्याची जी पारख होते, तिच्यात या पाचही गोष्टी बघितल्या जातात. पहिली चार सूत्रे गट पाळतो की नाही, हे बाहेरच्या माणसाला कळते ते पाचव्यातून, म्हणजे वहीतून. गटांच्या नोंदी डिजिटल करण्यासाठी नाबार्डने २०१५ मध्ये ‘ई-शक्ती’ हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा सुरुवातीला निवडलेल्या दोन जिल्ह्यांत झारखंडमधल्या रामगढबरोबर आपला धुळे जिल्हा होता. त्यानंतर ॲप आले, पोर्टल आले. तरी बैठकीत पैसे हातात पडतात त्या क्षणी नोंद होते ती बहुतेक ठिकाणी कागदाच्या वहीतच, आणि कागद ते अहवाल हा टप्पा कोणालातरी हाताने पार करावाच लागतो.

आधी फोटो

अहवालाच्या निम्म्या चुका फोटो काढतानाच टाळता येतात. बैठक बहुधा संध्याकाळी होते, खोलीत एकच दिवा असतो आणि पानावर फोटो काढणारीच्या हाताची सावली पडते. सावलीत पेन्सिलची किंवा फिकट शाईची नोंद दिसत नाही. म्हणून फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी, ओसरीवर किंवा खिडकीजवळ काढलेला बरा. वही जमिनीवर सपाट ठेवावी आणि मोबाइल तिच्या बरोबर वर, समांतर धरावा. तिरका धरला की दूरच्या बाजूचे रकाने अरुंद होतात आणि रांगा वाकतात.

या वह्या रुंद असतात. डाव्या पानावर सदस्यांची नावे, हजेरी आणि बचत, उजव्या पानावर कर्जाचे रकाने. दोन्ही पाने एकाच फोटोत घेतली की मधल्या शिवणीजवळचे आकडे पानाच्या वळणात जातात. वेगवेगळे फोटो घेतले तर उजव्या पानावर नावे नसतात, आणि सातव्या रांगेतला आकडा आठव्या सदस्येच्या नावावर जाण्याचा धोका निर्माण होतो. यावर सोपा उपाय आहे. उजव्या पानाच्या डाव्या कडेला पेन्सिलने १ ते १० असे सदस्य क्रमांक लिहून घ्यायचे आणि मग फोटो काढायचा. नावाऐवजी क्रमांकाने रांग ओळखली, की घसरण होत नाही.

एकूण चार फोटो लागतात. या महिन्याच्या बैठकीची दोन पाने, रोकड वहीचे पान, आणि मागच्या महिन्याच्या बैठकीचे बेरजा असलेले पान. हे चौथे पान पाठवायचे बहुतेकींच्या लक्षात राहत नाही. पण मेच्या अखेरची शिल्लक हीच जूनची आरंभीची शिल्लक असते, आणि ती दोन पानांवर सारखी आहे का, हे मागचे पान नसेल तर तपासताच येत नाही. बँक पासबुकाच्या त्या महिन्याच्या नोंदींचा फोटो मिळाला तर उत्तमच.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि मोठा करून बघितला की अंक पुसट होतात. तोच फोटो `Document` हा पर्याय निवडून पाठवला तर मूळ स्वरूपात पोहोचतो.

अंक वाचताना

मराठी वहीत अंकांच्या दोन लिप्या सुखाने एकत्र नांदतात. अध्यक्षताई मराठी अंक लिहितात, कॉलेजला गेलेली सचिव इंग्रजी, आणि घाईत एकाच आकड्यात दोन्ही येतात. मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा दिसतो. मराठी ५ ची शेपटी आखूड राहिली तर तो इंग्रजी 4 वाटतो. मराठी १ तर इंग्रजी 9 चा जुळा भाऊच. त्यामुळे कुठलाही आकडा टिपण्याआधी पान नुसते वाचून घ्यावे आणि ठरवावे, की या हाताचा चार कसा आहे, पाच कसा आहे. तारीख आणि बैठक क्रमांक या कामी येतात, कारण त्यांचे मूल्य आपल्याला आधीच ठाऊक असते. महिना आणि वर्ष लिहिताना या बाईंनी जो अंक जसा काढला, तसाच तो पैशांच्या रकान्यातही काढलेला असतो.

अंकांखेरीज खुणाही फसवतात. रकमेपुढच्या ‘/-’ या खुणेतली तिरकी रेघ १ म्हणून वाचली, तर २०० चे २,००१ होतात. वरच्या रांगेतलीच रक्कम आहे हे सांगण्यासाठी दोन उभ्या टिचक्या मारायची पद्धत आहे. त्या ११ सारख्या दिसतात. रिकामा चौकोन आणि शून्य या तर पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे सदस्येने पैसे दिले नाहीत. रिकामा चौकोन म्हणजे दिले नाहीत किंवा लिहायचे राहिले, आणि यातले खरे काय ते विचारल्याशिवाय कळत नाही.

टिपण्याचा नियम एकच, तो म्हणजे आधी जसे आहे तसे उतरवायचे. वहीतली बेरीज चुकलेली दिसली, तरी पहिल्या फेरीत चुकलेलीच बेरीज टिपायची आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकायचे. अंक लागत नसेल तर अंदाजाने भरायचा नाही, तिथेही प्रश्नचिन्हच. टिपतानाच दुरुस्ती करत गेले, की शेवटी वही काय म्हणते आणि आपण काय म्हणतो, हे वेगळे सांगता येत नाही.

एका गटाचा जून महिना

आता नमुन्यादाखल एक गट घेऊ. दहा सदस्य, दरमहा २०० रुपये बचत, अंतर्गत कर्जावर दरमहा शेकडा २ रुपये व्याज, आणि व्याजाची आकारणी शिल्लक मुद्दलावर. गटाला मेअखेर २६ महिने झाले आहेत. त्या दिवशी एकूण बचत ५१,८०० रुपये, सदस्यांकडे येणे कर्ज ६१,००० रुपये, पेटीत रोख १,२०० आणि बँकेत ९,८०० रुपये.

बचतीपासून सुरुवात करू. जूनच्या रकान्याची बेरीज येते २,००० रुपये. दहा जणी, प्रत्येकी २००, हिशेब चोख. घाईत असलेली लिपिका इथे बरोबरची खूण करून पुढे जाते. पण रांगा वाचल्या तर वेगळेच दिसते. सात क्रमांकाच्या सदस्येने ४०० दिले आहेत, कारण मे महिन्याचे तिचे २०० राहिले होते. दहा क्रमांकाची सदस्य गैरहजर आहे आणि तिच्या रकान्यात शून्य आहे. म्हणजे जमलेल्या २,००० पैकी चालू महिन्याचे १,८०० आणि मागील बाकीचे २००. बेरीज जुळली तरी एका सदस्येची बचत अजून यायची आहे. अहवालात ‘जमा बचत २,०००’ एवढेच लिहिले, तर ही बाकी पुढच्या बैठकीत कोणालाच आठवणार नाही आणि वर्षअखेरीला लाभांश वाटताना वाद होईल. म्हणून बचतीच्या भागात तीन ओळी हव्यात: या महिन्याची बचत, मागील बाकीची वसुली आणि अजून न आलेली बचत.

एकूण बचत मग ५१,८०० अधिक २,०००, म्हणजे ५३,८००. याची दुसऱ्या वाटेने खात्री करता येते. २७ महिने, दहा सदस्य, प्रत्येकी २०० याप्रमाणे ५४,००० व्हायला हवेत. एकीचे २०० येणे आहेत, ते वजा केले की बरोबर ५३,८०० उरतात.

कर्जाचा रकाना

गटाचा अहवाल खरा अडतो तो कर्जाच्या रकान्यात, कारण तिथे एकाच हप्त्याचे दोन तुकडे करायचे असतात. सदस्य एक रक्कम हातात ठेवते, पण तिच्यातले व्याज हे गटाचे उत्पन्न असते आणि मुद्दल हे गटाचेच परत आलेले पैसे. येणे कर्ज कमी होते ते फक्त मुद्दलाने. जूनच्या पानावरून उतरवलेला तक्ता असा आहे:

| सदस्य क्र. | आरंभी येणे | नवे कर्ज | मुद्दल परत | व्याज | अखेर येणे |
|---|---|---|---|---|---|
| २ | ८,००० | ० | १,००० | १६० | ७,००० |
| ३ | १२,००० | ० | १,००० | २४० | ११,००० |
| ४ | ० | १०,००० | ० | ० | १०,००० |
| ५ | १५,००० | ० | १,५०० | ३०० | १३,५०० |
| ८ | ६,००० | ० | ० | १२० | ६,००० |
| ९ | २०,००० | ० | २,००० | ४०० | १८,००० |
| एकूण | ६१,००० | १०,००० | ५,५०० | १,२२० | ६५,५०० |

हा तक्ता स्वतःच स्वतःला तपासतो. आडवे बघितले तर प्रत्येक रांगेत आरंभीचे येणे अधिक नवे कर्ज वजा मुद्दल म्हणजे अखेरचे येणे. उभे बघितले तर बेरजांनाही तोच नियम लागू पडतो: ६१,००० अधिक १०,००० वजा ५,५००, म्हणजे ६५,५००. शिवाय व्याजाची एकूण रक्कम आरंभीच्या येण्याच्या दोन टक्के हवी. ६१,००० चे दोन टक्के १,२२० होतात. चार क्रमांकाच्या सदस्येने पेरणीच्या बी-खतासाठी कर्ज घेतले ते याच बैठकीत, म्हणून तिचे व्याज जुलैपासून.

समजा फोटोत तीन क्रमांकाच्या व्याजातला मराठी ४ इंग्रजी 8 वाटला आणि २४० चे २८० टिपले गेले. व्याजाची बेरीज १,२६० येईल. वहीत मात्र १,२२० लिहिलेले आहे. फरक ४० चा, म्हणजे फक्त दशकाच्या घरातला, आणि असा फरक बहुधा एकच अंक चुकीचा वाचल्याने येतो. आता पूर्ण पान पुन्हा वाचायची गरज नाही. १२,००० वर दोन टक्के २८० होत नाहीत, एवढे बघितले की चूक सापडते.

आठव्या रांगेतली चूक याहून अवघड, कारण तिथे आकडा बरोबर असतो आणि जागा चुकते. या सदस्येने फक्त १२० रुपये दिले. पान किंचित तिरके आले आणि हे १२० मुद्दलाच्या रकान्यात गेले, तर तिचे येणे ५,८८० दिसेल आणि व्याज थकल्याचे दिसेल. संशय येण्याची जागा अशी, की १२० हा ६,००० चा बरोबर दोन टक्के आहे आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात येणे ६,०००च लिहिले आहे. तरीही इथे फोनच करायचा.

“ताई, आठ नंबरच्या रांगेत एकशेवीस लिहिलंय, ते मुद्दल की व्याज?”

“व्याजच गं. हप्ता नाही जमला त्यांना या महिन्यात. पुढच्या महिन्यात दोन्ही देते म्हणाल्यात.”

या एका उत्तराने नोंद पक्की होते, आणि वहीत कुठेच नसलेली माहितीही मिळते: हप्ता चुकला आहे आणि तो कधी येणार आहे. अहवालात येणे कर्ज आणि थकबाकी या दोन वेगळ्या ओळी असाव्या लागतात त्या याचसाठी. आठव्या सदस्येचे येणे ६,००० आहे, पण थकलेले आहेत फक्त ठरलेल्या मासिक हप्त्याचे ५०० रुपये. पूर्ण ६,००० थकीत दाखवले तर गट बुडीत वाटेल. ५०० सुद्धा दाखवले नाहीत, तर पुढच्या महिन्यात मागायचे काय, हेच कळणार नाही.

परतफेडीची टक्केवारीही इथूनच निघते. जूनमध्ये ठरलेल्या मुद्दलाच्या हप्त्यांची बेरीज होती १,००० अधिक १,००० अधिक १,५०० अधिक ५०० अधिक २,०००, म्हणजे ६,०००. आले ५,५००. टक्केवारी सुमारे ९२. एखाद्या सदस्येने पुढचे हप्ते आगाऊ भरले, तर ते या गणितात धरायचे नसतात. धरले तर एकीच्या आगाऊ पैशात दुसरीची थकबाकी झाकली जाते आणि टक्केवारी शंभरच्या वर जाते. तशी आली, की काहीतरी मिसळले आहे असे समजावे.

ज्यांना हा तक्ता मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये करायचा आहे, त्यांनी वरचेच सहा रकाने A ते F मध्ये घ्यावेत. दुसऱ्या रांगेपासून ही सूत्रे पुरतात. पहिले अखेरचे येणे काढते आणि दुसरे व्याजातला फरक दाखवते, जो शून्य यायला हवा:

```
F2:  =B2+C2-D2
G2:  =E2-B2*2%
```

अखेरचे येणे सूत्राने काढावे आणि वहीतले अखेरचे येणे शेजारच्या रकान्यात वेगळे टाइप करावे. दोन्ही जुळतात का, हे बघण्यातच तपासणी आहे. वहीतलाच आकडा थेट उचलला, तर वहीतली चूक अहवालात जशीच्या तशी उतरते.

पेटीतली रोकड

शेवटचा आणि सर्वात कडक पुरावा रोकडीचा. आरंभी पेटीत १,२०० होते. बैठकीत बचत २,०००, मुद्दल ५,५००, व्याज १,२२० आणि सात क्रमांकाच्या सदस्येकडून उशिराचा दंड २० रुपये आला. एकूण ९,९४०. चौथ्या सदस्येला द्यायचे होते १०,०००. ठराव आधीच्या बैठकीत झालेला असल्याने बँकेतून ३,००० रुपये काढून आणले होते. मग झाले १२,९४०. त्यातून कर्जाचे १०,००० आणि वही व बँकेच्या प्रवासाचे १०० गेले, उरले २,८४०.

या ३,००० रुपयांवर नवख्या लिपिका हमखास अडखळतात. रोकड वहीत ते जमेच्या बाजूला दिसतात, म्हणून अहवालातही उत्पन्नात जातात आणि गट एका महिन्यात तीन हजारांनी श्रीमंत होतो. प्रत्यक्षात पैसे गटाच्याच बँक खात्यातून गटाच्याच पेटीत आले. रोख वाढली तेवढीच बँक शिल्लक घटली, ९,८०० वरून ६,८०० वर. जूनचे खरे उत्पन्न म्हणजे व्याजाचे १,२२० आणि दंडाचे २०, एवढेच.

आता समजा वहीत अखेरची रोकड २,४८० लिहिलेली आहे आणि आपल्या हिशेबाने २,८४० येते. फरक ३६०. या संख्येला ९ ने पूर्ण भाग जातो. हिशेबनीस मंडळींची ही जुनी खूण आहे: दोन शेजारचे अंक लिहिताना उलटसुलट झाले, की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. इथेही ८ आणि ४ यांनी जागा बदलल्या आहेत. दुसरी खूण अशी, की फरकाची निम्मी रक्कम पानावर एखाद्या नोंदीत सापडली, तर ती नोंद चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. खर्चाचे १०० जमेला लिहिले, तर शिल्लक २०० ने जास्त दिसते.

तरीही या खुणा फक्त कुठे बघायचे ते सांगतात. पेटीत खरोखर किती पैसे आहेत, हे फोटो सांगू शकत नाही. ते नोटा मोजूनच कळते. म्हणून अहवाल पक्का करण्याआधी सचिवताईंना पेटी मोजायला सांगावे, आणि मोजलेली रक्कम व वहीतली रक्कम अशा दोन ओळी अहवालात ठेवाव्यात. दोन्ही जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तर फरक तसाच दाखवावा. जुळवण्यासाठी ‘किरकोळ खर्च’ असा आकडा घालणे हा गुन्हाच समजला पाहिजे, कारण त्यानंतर खरी चूक शोधण्याची वाटच बंद होते.

सगळे झाल्यावर एक मोठी ताळेजुळणी करता येते. मेअखेर गटाकडे येणे कर्ज, रोख आणि बँक मिळून ७२,००० होते. जूनमध्ये बचत २,०००, व्याज १,२२० आणि दंड २० यांची भर पडली, खर्च १०० झाला. म्हणजे ७५,१४० असायला हवेत. जूनअखेरचे येणे ६५,५००, रोख २,८४० आणि बँक ६,८०० यांची बेरीज तेवढीच येते. ही बेरीज जुळेपर्यंत अहवाल पुढे पाठवू नये.

फोटोत न दिसणारे

या पद्धतीची मर्यादाही आहे. वहीतले सगळे आकडे एकमेकांशी जुळले, तरी सदस्येने दिलेले २०० रुपये वहीत लिहिलेच गेले नसतील, तर कोणतीही बेरीज ते दाखवणार नाही. ते कळते फक्त सदस्येच्या वैयक्तिक पासबुकावरून. सगळ्यांची पासबुके दर महिन्याला बघणे जमत नाही. निदान तिघींची पासबुके आळीपाळीने मागवून त्यांच्या नोंदी वहीशी ताडल्या, तर चारेक महिन्यांत पूर्ण गट तपासून होतो. कर्जदार सदस्यांपासून सुरुवात करावी, कारण मोठ्या रकमा तिथे असतात.

चूक सापडल्यावर ती कुठे दुरुस्त करायची, हा प्रश्न उरतो. अहवालात केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे. वही मूळ दस्तऐवज आहे, आणि ती गटाची आहे. पुढच्या बैठकीत चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, अध्यक्ष व सचिवांनी तिथे सही करायची आणि इतिवृत्तात त्याची एक ओळ घ्यायची. पांढरा रंग लावून किंवा पान फाडून केलेला बदल बँकेच्या अधिकाऱ्याला मूळ चुकीपेक्षा जास्त खटकतो.

या फोटोंमध्ये कोणावर किती कर्ज आहे, कोणाचा हप्ता चुकला, हे नावानिशी असते. गटाच्या बैठकीत ते सगळ्यांना माहीत असणे योग्य. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते जाणे योग्य नाही. फोटो फक्त लिपिकेच्या क्रमांकावर जावेत, आधार किंवा बँक खात्याचे क्रमांक दिसत असतील तर ते झाकून, आणि ग्रामसंघाकडे जाणाऱ्या अहवालात नावांऐवजी एकूण रकमा असाव्यात.

जूनचा हा अहवाल शेवटी एका पानावर मावतो. बचत: या महिन्याची १,८००, मागील बाकीची २००, न आलेली २००, एकूण बचत ५३,८००. कर्ज: नवे १०,०००, मुद्दल परत ५,५००, येणे ६५,५००, थकीत मुद्दल ५००, परतफेड सुमारे ९२ टक्के. उत्पन्न: व्याज १,२२०, दंड २०. खर्च: १००. शिल्लक: रोख २,८४०, बँक ६,८००. खाली मोजलेली रोकड आणि प्रश्नचिन्ह असलेल्या नोंदींची यादी.

हे पान ग्रामसंघाला किंवा बँकेला जाण्याआधी गटाकडे परत गेले पाहिजे. पुढच्या बैठकीत नवी बचत गोळा करण्यापूर्वी सचिवताईंनी ते मोठ्याने वाचावे, आणि प्रत्येकीने आपले पासबुक हातात घेऊन आपल्यापुरता आकडा ताडून बघावा. ज्या लिपिका आणि ज्या लेकी-सुना हे काम करतात, त्यांनी गटाकडे एवढा आग्रह धरावा: वाचून झाल्याशिवाय आणि दहाही जणींनी होकार दिल्याशिवाय अहवालावर सही होणार नाही.